लांब उडी आणि तिहेरी उडी: फाऊल कधी द्यायचा आणि टेप कुठून कुठे धरायची

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत पीटीच्या सरांनी तुम्हाला "जरा पिटावर उभे राहा हो", म्हणजे वाळूच्या खड्ड्यापाशी पंच म्हणून, असं सांगितलंय, किंवा तुमची मुलगी पहिल्यांदाच लांब उडीत उतरलीये आणि लाल झेंडा वर गेला की नक्की काय चुकलं ते कळत नाही, अशा लोकांसाठी हे लिहितोय. मी स्वतः कॉलेजात तिहेरी उडी मारायचो, फार काही दिवे लावले नाहीत, पण गेली बरीच वर्षं दर सीझनला पिटावर असतो त्यामुळे घोळ कुठे होतात ते चांगलं माहितीये. सगळे नियम सांगत बसत नाही, एक उडी धावपट्टीपासून वाळूपर्यंत बघू आणि मग तिहेरीत काय वेगळं आहे ते बघू.

आधी बोर्ड ओळखा

धावपट्टीच्या शेवटी जमिनीत पुरलेली पांढरी फळी म्हणजे टेकऑफ बोर्ड. धावपट्टी १.२२ मीटर रुंद असते आणि बोर्डही तेवढाच लांब, आडवा बसवलेला. पळत येण्याच्या दिशेने त्याची रुंदी फक्त २० सेंटिमीटर. आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, बोर्डची वाळूकडची जी कड आहे ना तीच टेकऑफ लाइन. फाऊल तिच्यावरून ठरतो आणि मापही तिच्यापर्यंतच. नवीन लोकांना वाटतं की बोर्डवर पाय पडला म्हणजे काहीतरी चुकलं, उलट आहे, पूर्ण बोर्ड तुमचाच आहे, पाय बोर्डवर पडलेलाच चांगला, फक्त त्या पलीकडच्या कडेच्या पुढे बुटाचं टोक जाता कामा नये.

कडेला लागून १० सेंटिमीटर रुंदीची दुसरी पट्टी असते, तिच्यावर प्लास्टिसिन म्हणजे मुलं खेळतात तशी चिकणमाती लावलेली असते. बुटाचा ठसा उमटला की पुरावा तयार. आपल्याकडे बऱ्याच मैदानांवर ही पट्टी नसतेच, मग लोक कडेच्या पुढे ओलसर बारीक वाळू पसरून ती हाताने सारखी करतात, ठसा त्यातही उमटतो. तेही नसेल तर तुमचे डोळे, आणि म्हणूनच कुठे बसायचं ते महत्त्वाचं. बोर्डच्या बाजूला, बरोबर त्या कडेच्या रेषेत खुर्ची टाका आणि जमेल तितकं खाली वाकून बघा. पुढून किंवा मागून तिरकं बघितलं तर चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज दिसतो आणि तो फरक खरा नसतो. प्रेक्षकांत बसलेले पालक "अहो पाय आतच होता" म्हणून ओरडतात ते याचमुळे, त्यांना खरंच तसं दिसलेलं असतं.

फाऊल नक्की कधी

इथे एक नियम बदललाय आणि जुन्या लोकांना अजून तो माहीत नाही. पूर्वी प्लास्टिसिनवर ठसा उमटला का, जमिनीला पाय लाइनच्या पुढे टेकला का, एवढंच बघायचे. नोव्हेंबर २०२१ पासून जागतिक नियमात असं आहे की लाइनवर एक उभी अदृश्य भिंत आहे असं समजा. टेकऑफचा पाय जमिनीवरून सुटायच्या आधी त्या पायाचा किंवा बुटाचा कुठलाही भाग त्या भिंतीच्या पलीकडे गेला की फाऊल, मग तो खाली टेकला असो नसो. स्पाइक्सचं टोक थोडं वर वळलेलं असतं हे बघितलंच असेल, तर पंजा बोर्डवर असतो आणि टोक हवेत लाइनच्या पुढे डोकावतं, जुन्या पद्धतीत हे बऱ्याचदा सुटून जायचं, आता जात नाही. म्हणूनच प्लास्टिसिनची कड पूर्वी ४५ अंशांत तिरकी असायची ती आता सरळ उभी करतात आणि मोठ्या स्पर्धांत कॅमेराच लावतात.

तालुक्याच्या मैदानावर कॅमेरा कुठून येणार. तिथे मोबाइल ट्रायपॉडवर लाइनच्या अगदी रेषेत लावून स्लो मोशन घेता येतं, पण ते वापरायचं की नाही हे स्पर्धेआधी मुख्य पंचांना विचारून घ्या, मधेच काढलेला व्हिडिओ म्हणजे भांडणाला आमंत्रण.

लक्षात घ्या, बघायचा तो फक्त टेकऑफचा पाय. दुसरा पाय, गुडघा, हात हे तर पुढे जाणारच, उडी मारतोय ना पोरगा. आणि पाय सुटल्यानंतर लाइनच्या पुढे जाणं हाच तर खेळ आहे.

आता फाऊल *नसलेल्या* गोष्टी, कारण नवीन पंच फाऊल देतात तो बहुतेक इथेच. बोर्डच्या मागूनच, म्हणजे बोर्डला पाय न लागताच उडी मारली तर? फाऊल नाही. धावताना धावपट्टीच्या बाजूच्या पांढऱ्या पट्ट्यांवर किंवा बाहेर पाय पडला तर? तेही चालतं. टेकऑफला बूट अर्धा बोर्डवर आणि अर्धा बोर्डच्या बाजूच्या टोकाबाहेर, पण लाइनच्या मागे? चालतं. मात्र पूर्ण पाय बोर्डच्या टोकाबाहेरून, म्हणजे बाजूच्या जमिनीवरून टेकऑफ घेतला तर तो फाऊल, लाइनच्या मागे असला तरी.

मुलगा पळत आला, पावलं जुळली नाहीत आणि उडी न मारता तसाच लाइनच्या पुढे निघून गेला तर तो फाऊलच. पण लाइनच्या आधी थांबला तर त्याची एक मिनिटाची वेळ शिल्लक असेपर्यंत तो परत मागे जाऊन पुन्हा पळू शकतो. हे मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर घाबरून थांबतात आणि आपला चान्स गेला समजून रडत बाहेर येतात. वेळ संपायला १५ सेकंद उरली की पिवळा झेंडा वर करतात.

कोलांटी मारून उडी मारली तर फाऊल, हे कोणी करत नाही पण नियमात आहे म्हणून सांगितलं.

वाळूत काय बघायचं

उडी बरोबर झाली, पांढरा झेंडा वर गेला, आता माप. इथे एक वाक्य पाठ करा, बाकी सगळं त्यातून निघतं: शरीराच्या कुठल्याही भागाने वाळूत केलेली, लाइनला सगळ्यात जवळची खूण. टाच नाही, पंजा नाही, सगळ्यात जवळची खूण. ती हाताची असेल, ढुंगणाची असेल, कोपराची असेल. अंगावर जे काही आहे त्याची खूणसुद्धा धरतात. २०१७ च्या लंडन वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सर्बियाच्या इव्हाना स्पानोविचची शेवटची उडी बघणाऱ्यांना सात मीटरच्या पुढे वाटली होती, माप आलं ६.९१. तिच्या पाठीवरचा नंबर सुटा होऊन लोंबत होता आणि तोच वाळूला लागला अशी चर्चा झाली, तिच्या बाजूने प्रोटेस्ट केला गेला, तो फेटाळला. ६.९६ वर तिचा चौथा नंबर आला आणि ब्राँझ ६.९७ ला गेलं. त्यामुळे मुलांना सांगतो, नंबर चारही कोपऱ्यांत पिन लावून घट्ट बसवा आणि लांब वेणी असेल तर अंबाडा बांधा.

एक उडी आकड्यांसकट बघू. गेल्या वर्षी आमच्याकडे एक सतरा वर्षांखालचा मुलगा, चांगला उंच, उडी मारली आणि सगळे "वा" म्हणाले. त्याच्या टाचा लागल्या ५.६२ वर. पण तोल मागे गेला आणि डावा हात मागे टेकला, त्या बोटांच्या खुणा ५.४१ वर. झालं, माप ५.४१. त्याचे सर धावत आले, "अहो टाचा बघा, टाचा कुठेत!" मी त्यांना त्या चार बोटांच्या खुणा दाखवल्या, ते बघून गप्प बसले पण मुलगा मात्र माझ्याकडे असं बघत होता की जणू मीच त्याचे २१ सेंटिमीटर खिशात घातले. वर त्याचा पंजा लाइनच्या १४ सेंटिमीटर मागे पडला होता, तेही गेलेच, कारण माप पाय कुठून सुटला तिथून होत नाही, लाइनपर्यंतच होतं. म्हणजे हवेत तो ५.७६ गेला आणि कागदावर आलं ५.४१.

त्या मुलाने नशिबाने एक गोष्ट बरोबर केली, उठून पुढच्या बाजूने बाहेर गेला. हाही नियम नवीन मुलांना माहीत नसतो. वाळूतून बाहेर पडताना पहिला पाय बाहेर, किंवा पिटच्या कडेच्या चौकटीवर, जिथे पडेल ती जागा तुमच्या सगळ्यात जवळच्या खुणेपेक्षा लाइनपासून लांब हवी. म्हणजे त्याला ५.४१ च्या पुढूनच बाहेर पडायचं होतं, मागे येऊन बाजूने बाहेर पाऊल टाकलं असतं तर अख्खी उडी फाऊल. आणि वाळूतच तोल जाऊन किंवा चालत मागे आला आणि ५.४१ च्याही अलीकडे पाऊल उमटलं, तर मग तीच नवी जवळची खूण धरतात, माप आणखी कमी. एकदा नीट बाहेर पडल्यानंतर मात्र वाळूतून चालत परत आला तरी काही बिघडत नाही.

लँडिंगच्या वेळी शरीराचा काही भाग पिटच्या बाहेर टेकला, आणि तो वाळूतल्या जवळच्या खुणेपेक्षा लाइनच्या अलीकडे असेल, तर तोही फाऊल. पिट २.७५ ते ३ मीटर रुंद असतो, तिरकं उडणारी मुलं असतात त्यांच्या बाबतीत होतं हे.

टेप कशी धरायची

दोन माणसं लागतात, तिसरा असेल तर फारच छान. वाळूतला माणूस खुणेच्या लाइनकडच्या कडेवर खिळा किंवा स्पाइक उभा रोवतो आणि टेपचा शून्य तिथे धरतो. वाचन बोर्डवरचा माणूस करतो. उलटं करू नका, शून्य बोर्डवर ठेवला तर वाळूत वाकून आकडा वाचायला लागतो, खूण तुडवली जाते आणि आकडा बघायला मुख्य पंच तिथे उभे नसतात. टेप स्टीलची हवी, कापडी शिंप्याची टेप ताणली जाते, मी ती वापरलेली बघितलीये म्हणून सांगतोय.

टेप लाइनला काटकोनात यायला हवी, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मुलगा उजवीकडे पडला आणि तुम्ही टेप बोर्डच्या मधोमध तिरकी आणली तर माप जास्त येतं. समजा खरं, सरळ माप ५.६० आहे आणि खूण मधल्या रेषेपासून १ मीटर बाजूला आहे. बोर्डच्या मध्यापर्यंत तिरकी टेप धरली तर येतात जवळजवळ ५.६९. नऊ सेंटिमीटर फुकट! खूण बोर्डच्या टोकांच्या बाहेर, बाजूला असेल तर लाइन मनात बाजूला वाढवायची आणि त्या वाढवलेल्या रेषेवर काटकोनात माप घ्यायचं. आम्ही सकाळीच बोर्डच्या दोन्ही बाजूंना लाइनच्या रेषेत सुतळी ताणून चुन्याने रेघ मारून ठेवतो, मग वाद नाही. काटकोन जमतोय का ते बघायची सोपी युक्ती, टेप घट्ट ताणून बोर्डकडचं टोक लाइनवरून थोडं डावीकडे-उजवीकडे सरकवा, जिथे आकडा सगळ्यात कमी येतो तिथे काटकोन.

आकडा पूर्ण सेंटिमीटरच्या मधे आला तर खालचा लिहायचा. ५.४१ आणि वर सहा-सात मिलिमीटर, तरी ५.४१ च. इथे कोणाची दया येऊन ५.४२ लिहू नका. एका सेंटिमीटरची किंमत बघायची असेल तर २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमधली तिहेरी उडी आठवा, एल्डोस पॉल १७.०३ गोल्ड, अब्दुल्ला अबूबकर १७.०२ सिल्व्हर, दोघंही आपलेच. आणि त्याच स्पर्धेत लांब उडीत मुरली श्रीशंकर आणि बहामासचा लक्वान नेर्न, दोघांची बेस्ट उडी ८.०८, सारखीच. मग दुसरी चांगली उडी बघतात, नेर्नची ७.९८ आणि श्रीशंकरची ७.८४, म्हणून श्रीशंकरला सिल्व्हर. त्यामुळे "हिची बेस्ट झालीये ना, आता ही उडी कशाला मापायची" असं म्हणून माप टाळायचं नाही. प्रत्येक वैध उडी मापायची आणि लगेच मापायची. शीटवर फाऊलला X, आणि मुलाने चान्स सोडला तर आडवी रेघ.

आणि वाळू सारखी करणाऱ्या मुलाला सांगून ठेवा, तुम्ही "हो" म्हणेपर्यंत रेक हातात धरून नुसता उभा राहा. एकदा मी लाल झेंडा वर केला, मुलीने तिथल्या तिथे हरकत घेतली, "सर पाय मागेच होता, ठसा दाखवा". अशा वेळी मुख्य पंच ती उडी मापून राखून ठेवायला सांगू शकतात, निर्णय नंतर होतो. मी वळून बघतो तर पिट गुळगुळीत, पोराने उत्साहाने सगळं सारखं करून टाकलेलं. ठसा प्लास्टिसिनवर होता म्हणून माझा निर्णय टिकला, पण ठसा नसता तर मापायला काही उरलंच नव्हतं आणि चूक माझीच होती. तेव्हापासून लाल झेंडा दिला तरी मी क्षणभर थांबतो, कोणी काही बोलत नाही बघतो आणि मग रेकवाल्याला मान हलवतो.

वाऱ्याचं एवढंच, रेकॉर्डसाठी मागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त नको, पण त्याने उडी फाऊल होत नाही आणि स्पर्धेतला नंबरही जात नाही. तालुक्याला वाऱ्याचं यंत्र नसतं, सोडून द्या.

तिहेरीत काय वेगळं

लाइन तीच, ती अदृश्य भिंत तीच, वाळूतली सगळ्यात जवळची खूण तीच, टेपही तशीच. तिहेरी म्हणजे हॉप, स्टेप आणि जंप अशा सलग तीन उड्या, पण माप टेकऑफच्या लाइनपर्यंतच, हॉप किंवा स्टेप कुठे पडली त्याच्याशी मापाचा संबंध नाही. वेगळं आहे ते पायांचं. उजव्या पायावर टेकऑफ घेतला तर हॉप उजव्यावरच पडायला हवा, मग स्टेप डाव्यावर, मग त्या डाव्यावरून जंप. उजवा-उजवा-डावा-वाळू, किंवा डावा-डावा-उजवा-वाळू. नवीन मुलं उजवा-डावा-उजवा करतात, चालण्यासारखं, आणि वेगात ते पटकन लक्षातही येत नाही. म्हणून तिहेरीला दुसरा माणूस धावपट्टीच्या बाजूला थोडा पुढे उभा करा ज्याचं काम फक्त पाय मोजणं, बोर्डवर बसलेल्याने ते करू नये, त्याची नजर लाइनवर हवी.

हवेत लोंबकळणारा दुसरा पाय मधेच जमिनीला घासला तर? पूर्वी यावर फाऊल द्यायचे, अजूनही काही जुने सर देतात. आता तो फाऊल नाही. मधल्या टप्प्यात पाय बाजूच्या पांढऱ्या पट्टीवर किंवा बाहेर पडला तरी चालतं.

बोर्ड मात्र लांब मागे असतो, कारण हॉप आणि स्टेप जमिनीवर पडायला जागा हवी. लांब उडीत बोर्ड वाळूपासून १ ते ३ मीटरवर, तिहेरीत मोठ्या स्पर्धांत पुरुषांसाठी निदान १३ मीटर आणि महिलांसाठी निदान ११ मीटर. शाळेच्या पोरांना १३ वरून उडवलं तर काही जण वाळूपर्यंत पोचतच नाहीत आणि शेवटची उडी सिंथेटिकवर नाहीतर मुरुमावर पडते, गुडघे फुटतात, वर फाऊलही मिळतो कारण शेवटची जंप वाळूत पडायलाच हवी. म्हणून ९ किंवा ७ मीटरवर वेगळी लाइन आखतात. इथे एक गंमत होते. एकाच धावपट्टीवर दोन-तीन बोर्ड किंवा पट्ट्या असतात आणि मुलगी सांगते ९ वरून, तुमचा माणूस बसलेला असतो ११ वर. प्रत्येकीचं नाव पुकारताना बोर्डही पुकारा, "अमुक अमुक, नऊ मीटर", आणि बाकीच्या बोर्डांवर ट्रॅफिकचे असतात तसे प्लास्टिकचे कोन उभे करा म्हणजे ती चुकून तिकडून उडणार नाही. पंचांनीच चुकीचा बोर्ड दाखवला आणि त्यामुळे तिची स्टेप थेट वाळूत पडली, तर ती तिची चूक नाही, तिला उडी परत द्यायची असते, आणि हे मुख्य पंचांच्या कानावर तुम्हीच घालायला हवं, कारण ती बिचारी वाळू झटकत आधीच बेंचकडे निघालेली असते.